साखरखेर्ड्याच्या लढाईच्या तीन तारखा

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. १७२४ साली या गावाजवळ निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांच्या फौजा भिडल्या, मुबारिझ खान रणात पडला आणि दख्खनमध्ये निजामाची सत्ता कायमची उभी राहिली. एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. ही लढाई नेमकी कोणत्या दिवशी झाली, असे विचारले की मात्र पुस्तके वेगवेगळी बोलू लागतात. कुठे ३० सप्टेंबर १७२४ सापडते, कुठे १ ऑक्टोबर, आणि कुठे ११ ऑक्टोबर. गावाच्या नावाचेही तेच आहे. शकरखेडा, शकरखेल्डा, साखरखेर्डा, फत्तेखेडा, फतेहखेल्डा अशी रूपे वाचताना नवख्या वाचकाला ही निरनिराळी गावे वाटावीत.

लढाईला तीनशे वर्षे पूर्ण होणार होती त्या सुमारास आमच्या भागातील काही तरुण मुले एका फलकाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आली होती. त्यांतल्या एकाने वही पुढे सरकवत विचारले, "सर, तीन पुस्तकं अन् तीन तारखा. आता बोर्डावर कोनती लिवाव?" प्रश्न साधा होता, परंतु बहुतेक लोक त्याचे उत्तर ज्या पद्धतीने देतात ती पद्धत मला पटत नाही. जास्त पुस्तकांत जी तारीख आहे ती खरी, किंवा ज्या लेखकाचे नाव मोठे त्याची तारीख खरी, असा कौल लावला जातो. तारीख मतांनी ठरत नाही. तिच्यामागे एक कालगणना असते, आणि ती कोणती हे कळल्याखेरीज नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फार्सी तवारीख लिहिणारा मुन्शी हिजरी सन आणि चांद्र महिना वापरीत असे. मराठी कारकून शके, तिथी आणि जोडीला सुहूर सन लिहीत असे. मुंबईचा इंग्रज वखारवाला जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत होता, कारण इंग्रजांनी नवे ग्रेगोरियन पंचांग १७५२ च्या सप्टेंबरात स्वीकारले. गोव्याच्या पोर्तुगीजांनी मात्र ते सोळाव्या शतकातच स्वीकारले होते. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून आणि गोव्याहून निघालेल्या पत्रांवर, दोन्ही लेखक शुद्धीवर असतानाही, १७२४ साली अकरा दिवसांचे अंतर दिसते. सतराव्या शतकात हे अंतर दहा दिवसांचे होते. १७०० हे वर्ष जुन्या पंचांगाने लीप धरले, नव्याने धरले नाही, म्हणून ते एका दिवसाने वाढले.

आता ३० सप्टेंबरमध्ये अकरा दिवस मिळवा. सप्टेंबर तीस दिवसांचा असल्याने उत्तर ११ ऑक्टोबर येते. म्हणजे तीनपैकी दोन तारखा हा एकच दिवस आहे. पहिली जुन्या पंचांगाची आणि दुसरी नव्या. १ ऑक्टोबर ही तारीखही जुन्या पंचांगाचीच आहे आणि नव्यात ती १२ ऑक्टोबर होते. तेव्हा खरा फरक अकरा दिवसांचा नसून एकाच दिवसाचा आहे, आणि त्या एका दिवसाचे कारण पूर्णपणे निराळे आहे. मराठी वाचकाला ही दुहेरी व्यवस्था खरे म्हणजे परकी नसावी. शिवराज्याभिषेकाची आपण मानतो ती ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पंचांगाची आहे; नव्या पंचांगाने तो दिवस १६ जून होतो. परंतु संगणकावरच्या तारीख-परिवर्तकात हिजरी तिथी घातली की तो बहुधा ग्रेगोरियन उत्तर देतो, आणि ते उत्तर जुन्या मराठी ग्रंथातील तारखेशी जुळत नाही म्हणून ग्रंथालाच चूक ठरवणारे लेख हल्ली वाचायला मिळतात.

एक दिवसाच्या फरकाकडे वळण्यापूर्वी मूळ तिथी पाहणे आवश्यक आहे. या लढाईची तिथी २३ मुहर्रम ११३७ अशी दिलेली आढळते. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे आपल्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने, त्यात ६२२ मिळवून इसवी सन मिळत नाही. तसे केले तर ११३७ चे १७५९ होते, जे उघडच चूक आहे. तोंडी हिशेबासाठी हिजरी सनाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार त्याच सनातून वजा करावा आणि मग ६२२ मिळवावे. ११३७ ला ३३ ने भागल्यावर साडेचौतीसच्या जवळपास येते, ते वजा केल्यावर ११०२ आणि अर्धे उरते, आणि ६२२ मिळवल्यावर १७२४ चा मध्य येतो. एवढ्याने वर्ष हाती लागते. दिवसासाठी कोष्टकच पाहावे लागते. कोष्टकाने ११३७ चा मुहर्रम १९ किंवा २० सप्टेंबर १७२४ ला, नव्या पंचांगाने, सुरू होतो.

'१९ किंवा २०' असे मी मुद्दाम लिहिले आहे. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, आणि कोष्टके मात्र ठरावीक गणिताने तीस व एकोणतीस दिवसांचे महिने आळीपाळीने धरतात. कोष्टकांमध्येही आरंभ एक दिवस अलीकडे धरणारी आणि पलीकडे धरणारी अशा दोन परंपरा आहेत. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो, त्यामुळे एका हिजरी तारखेत आपल्या दोन दिवसांचे तुकडे येतात. परिणामी ११ ऑक्टोबर १७२४ चा दिवस एका कोष्टकाने २२ मुहर्रम आणि दुसऱ्याने २३ मुहर्रम भरतो. ज्या अभ्यासकाने पहिले कोष्टक वापरले त्याला २३ मुहर्रमसाठी १२ ऑक्टोबर, म्हणजे जुन्या पंचांगाचा १ ऑक्टोबर, मिळाला. ज्याने दुसरे वापरले त्याला ११ ऑक्टोबर, म्हणजेच ३० सप्टेंबर. अशा रीतीने तीन तारखा एकाच मूळ तिथीतून निघू शकतात, आणि तिघांपैकी कोणीही खोटे लिहिलेले नसते.

अशा ठिकाणी वार उपयोगी पडतो. पंचांगे बदलली तरी वारांची साखळी तुटत नाही. इंग्रजांनी १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर लिहिला तेव्हाही बुधवारनंतर गुरुवारच आला. ३० सप्टेंबर (जुने) आणि ११ ऑक्टोबर (नवे) या दोन्ही तारखांना बुधवारच होता. म्हणून मूळ मजकुरात तिथीसोबत वार दिलेला असेल, तर एका दिवसाचा वाद तेथेच मिटतो. अट एवढीच की अनुवादकाने वार नीट उतरवलेला असावा. फार्सी वारांची मोजणी शंबा म्हणजे शनिवारपासून चालते. यकशंबा रविवार, दोशंबा सोमवार, याप्रमाणे चहारशंबा बुधवार आणि पंजशंबा गुरुवार. आठवडा सोमवारपासून मोजण्याची सवय असलेल्या माणसाने 'चहार' म्हणजे चौथा असा हिशेब केला, तर तो बुधवारच्या जागी गुरुवार लिहून मोकळा होतो. याहून फसवी गोष्ट रात्रीची आहे. 'शब-ए-जुमा' हा शब्दप्रयोग आला की इंग्रजी अनुवादात 'शुक्रवारची रात्र' असे छापले जाते, आणि मराठीत तेच येते. परंतु दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने शब-ए-जुमा ही आपल्या हिशेबाने गुरुवारची रात्र असते. रात्रीच्या छाप्याची, पलायनाची किंवा मृत्यूची नोंद वाचताना हा एक दिवस नेहमी मनात धरावा.

वार दिलेला नसेल तर चंद्राकडे वळावे, आणि ही कसोटी आमच्यासारख्या पंचांग घरात ठेवणाऱ्या माणसांना सर्वांत सोपी जाते. हिजरी महिन्याची पहिली तारीख शुद्ध द्वितीयेच्या आगेमागे पडते. म्हणून तेवीस मुहर्रम म्हणजे वद्य पक्षातील अष्टमी-नवमीचा सुमार. १७२४ च्या सप्टेंबरातील अमावास्या १७-१८ तारखेला, नव्या पंचांगाने, पडत होती आणि तिच्यानंतरचा महिना आश्विन होता. म्हणजे दसरा २७ सप्टेंबरच्या सुमारास झाला, ११ ऑक्टोबरला आश्विन वद्य नवमीचा सुमार होता आणि दिवाळी आठवड्याभरावर आली होती. शके १६४६, क्रोधी संवत्सर. (योगायोग असा की संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने तीनशे वर्षांनी, शके १९४६ लाही, क्रोधी संवत्सरच आले.) दसऱ्यानंतरच्या वद्य पक्षात फौजा भिडतात, हे काळ्या मातीच्या आमच्या मुलखाला धरून आहे. भाद्रपदात या जमिनीतून तोफगाडा ओढणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात शेतात बैलगाडी नेणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता याच कसोटीवर चुकीच्या शक्यता घासून पाहाव्यात. समजा, कोणी ११ ऑक्टोबर ही तारीख जुन्या पंचांगाची समजून तिच्यात आणखी अकरा दिवस मिळवले आणि २२ ऑक्टोबर असे 'दुरुस्त' केले. त्या दिवशी मुहर्रम संपून सफर महिन्याचे तीन-चार दिवस झाले होते, आणि आपल्याकडे दिवाळी होऊन कार्तिक शुद्ध पक्ष चालू होता. मूळ साधनात मुहर्रम असताना हे शक्य नाही. उलट कोणी ३० सप्टेंबर हीच नव्या पंचांगाची तारीख समजला, तर तो दिवस ११-१२ मुहर्रमचा येतो, म्हणजे आशुऱ्याच्या लगतचा, आणि तिथी शुद्ध त्रयोदशीच्या जवळची, पौर्णिमेकडे झुकलेली. तीही महिन्याच्या उत्तरार्धातल्या नोंदीशी जुळत नाही. दोन्ही चुका आकड्यांकडे नुसते पाहून कळत नाहीत. महिना आणि पक्ष मांडले की लगेच उघड्या पडतात. येथे एक सावधगिरी हवी. आपला आश्विन वद्य हा उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेने कार्तिक वद्य असतो. उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या हिंदी वा राजस्थानी साधनात 'कार्तिक बदी ९' दिसले, आणि अनुवादकाने ते मराठीत 'कार्तिक वद्य नवमी' असे तसेच ठेवले, तर लढाई महिनाभर पुढे जाते. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही गणना एकच नाव वापरतात, म्हणून ही चूक नेहमी फक्त वद्य पक्षातच सापडते.

वर्षाच्या चुका याहून मोठ्या असतात, आणि दख्खनच्या साधनांत त्यांचे विशेष कारण आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात हिजरी ११३७ चालू होते, महसुलाच्या कामातला दख्खनी फसली सन ११३४ होता आणि सुहूर सन ११२५ होता. तीनही आकडे अकराशेच्या घरातले, एकमेकांना चिकटून बसलेले. सुहूर सन हा सौर असून मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतो. जून ते डिसेंबर या काळात त्यात ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. दख्खनी फसलीतही असेच ५९० आणि ५९१ मिळवायचे. मराठी कागदावर 'सन खमस अशरीन मया व अलफ' असे आले, म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, तर ते ११२५ सुहूर. हे शब्द अरबी असल्यामुळे पुष्कळ वाचक त्याला हिजरी समजतात. हिजरी ११२५ म्हणजे १७१३ साल. त्या वर्षी फर्रुखसियर नुकताच तख्तावर बसला होता आणि साखरखेर्ड्याच्या लढाईची चाहूलसुद्धा नव्हती. फसली ११३४ ला हिजरी समजले तर १७२१-२२ येते. ही चूक तीन वर्षांची असल्याने जास्त धोकादायक आहे, कारण अकरा वर्षांचा फरक खटकतो, तीन वर्षांचा खपून जातो. कागद महसुलाचा असेल तर फसलीचा संशय आधी घ्यावा, मराठी दरबारी पत्र असेल तर सुहूरचा, आणि मुहर्रम, सफर, रज्जब अशा चांद्र महिन्यांसह फार्सी मजकूर असेल तर हिजरीचा. मात्र मराठी पत्रांत सुहूर सनाच्या सोबत हिजरी महिन्याचे चंद्रही, म्हणजे त्या महिन्याच्या तारखाही, लिहिलेल्या असतात, तेव्हा महिना चांद्र आहे म्हणून सनही हिजरी असेल, असा निष्कर्ष तेथे काढता येत नाही.

अंकांऐवजी अक्षरांत लिहिलेला सन अधिक भरवशाचा, असे आपल्याला वाटते. फार्सी लिपीत ते नेहमी खरे नसते. 'सबा' म्हणजे सात आणि 'तिसा' म्हणजे नऊ हे दोन शब्द अरबी लिपीत लिहिल्यावर त्यांचे सांगाडे जवळजवळ सारखे दिसतात. फरक असतो तो नुक्त्यांच्या, म्हणजे अक्षरांवरच्या-खालच्या टिंबांच्या, संख्येत आणि जागेत. घाईने लिहिणारा कातिब नुक्ते गाळतो, कागदाला वाळवी लागते, आणि साताचे नऊ किंवा नवाचे सात होतात. 'सबैन' आणि 'तिसैन', म्हणजे सत्तर आणि नव्वद, यांचीही तीच गत. आपल्या लढाईच्या ११३७ मध्ये नेमका सात आहे. तो नऊ वाचला गेला तर ११३९ होते, आणि २३ मुहर्रम ११३९ हा दिवस १७२६ च्या सप्टेंबरात पडतो. तोपर्यंत निजामाला बादशाह मुहम्मदशाहाकडून 'आसफजाह' हा किताब मिळालेला होता आणि मुबारिझ खान जाऊन दोन वर्षे होत आली होती. देवनागरीत किंवा मोडीत 'सबा' आणि 'तिसा' यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. म्हणून तवारिखेच्या अनुवादात दोन वर्षांचा किंवा वीस वर्षांचा फरक दिसला आणि त्याच घटनेचे मराठी पत्र उपलब्ध असेल, तर मी मराठी पत्राच्या बाजूने झुकतो. फार्सीकडे एवढा कल असलेल्या आपल्या इतिहासलेखनाने ही गोष्ट आणखी मनावर घ्यायला हवी होती, असे माझे मत आहे.

इंग्रजी अनुवादांत कंसात इसवी तारीख छापलेली असते आणि मराठीत उतरवताना मूळ हिजरी तिथी गाळून फक्त कंसातली तारीख ठेवली जाते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान येथे होते. कंसातला मजकूर ग्रंथकाराचा नसतो. तो अनुवादकाने किंवा संपादकाने आपल्या कोष्टकावरून काढलेला निष्कर्ष असतो. मोगल काळातील फार्सी इतिहासकार खाफीखान याच्या 'मुन्तखब-उल-लुबाब' या ग्रंथाचे निवडक भाग एलियट आणि डाऊसन यांच्या आठ खंडांच्या संग्रहातील सातव्या खंडात, १८७७ साली, इंग्रजीत आले, आणि आपल्याकडील पुष्कळ लेखन आजही त्याच इंग्रजीवर उभे आहे. त्या संग्रहातील नावे, तारखा आणि स्थळे तपासून शाहपूरशाह होडीवाला यांनी दोन जाडजूड खंड लिहिले, पहिला १९३९ साली आणि दुसरा १९५७ साली. एका अनुवादमालेच्या दुरुस्त्यांना दोन खंड लागतात, यावरून काय ते समजावे. मराठी लेखकाच्या हाती एलियट सहज येतो, होडीवाला येत नाहीत.

नावांच्या चुका ओळखण्यासाठी गणित नसते, भूगोल लागतो. फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून 'शकर' म्हणजे साखर आणि 'शुक्र' म्हणजे आभार ही दोन्ही एकाच लेखनाची वाचने आहेत. तेथून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलेले नाव 'शुक्रखेडा' झाले तर आश्चर्य वाटायला नको, आणि मग मराठी वाचक त्याचा संबंध शुक्राचार्यांशीही लावील. 'खेडा' या शब्दातल्या मूर्धन्य ध्वनीसाठी फार्सीत स्वतंत्र अक्षर नव्हते, त्यामुळे त्याची खेरा, खेल्डा, खेर्डा अशी रूपे झाली. निजामाने विजयानंतर गावाचे नाव फत्तेखेडा ठेवले, आणि तेही अशाच रूपांतून फिरत राहिले. अशा वेळी नावाच्या सारखेपणावर विसंबू नये. वर्णनात दिलेले अंतर आणि दिशा नकाशावर मांडावी. हे गाव औरंगाबादच्या पूर्वेला, सुमारे ८० मैलांवर आहे. मजकुरात कोस दिलेले असतील तर ते चाळीसच्या आसपास असायला हवेत. जो 'शकरखेडा' या वर्तुळात बसत नाही तो आपला नाही, मग अक्षरे कितीही जुळोत.

याच मोहिमेच्या वर्णनात पूर्णा नदी आली की थांबावे. बुलढाणा जिल्ह्यात दोन पूर्णा आहेत, आणि बाहेरच्या अभ्यासकाला हे सहसा ठाऊक नसते. एक उत्तरेची, वऱ्हाडच्या खोऱ्यातून वाहत जाऊन तापीला मिळणारी. दुसरी दक्षिणेची, घाटावरची, जिला आमच्याकडे खडकपूर्णा म्हणतात आणि जी पुढे मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते. साखरखेर्डा घाटावर आहे. हैदराबादेकडून औरंगाबादच्या रोखाने येणारी फौज खडकपूर्णेच्या खोऱ्यात येते. तिला तापीच्या पूर्णेवर नेण्यासाठी अख्खा घाट उतरवावा लागेल. एखाद्या टीपेत 'पूर्णा, तापीची उपनदी' असे ठोकून दिलेले असेल, तर टीप लिहिणाऱ्याने जवळची शब्दसूची पाहिली, नकाशा पाहिला नाही, हे निश्चित समजावे. अशीच दुसरी जोडी बाळापूर आणि बल्लारपूर यांची आहे. १७२० साली निजामाशी लढताना आलम अली खान पडला ते बाळापूर अकोला जिल्ह्यातले. रोमन लिपीत एखादा 'एल' कमी-अधिक झाला की लढाई थेट चंद्रपूरजवळ वर्धा नदीच्या काठी जाऊन पोहोचते. निजाम तेव्हा बुऱ्हाणपूरकडून येत होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

माणसांची नावे गावांपेक्षा अवघड आहेत, कारण मोगली अमीर नावाने कमी आणि किताबाने जास्त ओळखला जातो. चिन किलिच खान, निजाम-उल-मुल्क, फत्तेजंग आणि आसफजाह ही चार माणसे नव्हेत. लढाईच्या वर्णनात त्याला 'आसफजाह' म्हटलेले दिसले, तर तो किताब १७२५ चा असल्यामुळे, तारीख चुकली असे म्हणण्यापूर्वी एवढेच समजावे की हा मजकूर नंतर लिहिलेला आहे. काही अनुवादक किताबाचे भाषांतरच करून टाकतात आणि 'फत्तेजंग' या शब्दाच्या जागी 'युद्धात विजयी झालेला सरदार' असे लिहितात. मग सूचीत त्या माणसाचा मागमूस उरत नाही.

वऱ्हाडच्या वाचकाला यातला सर्वांत मोठा फसवा किताब 'इमाद-उल-मुल्क' हा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्यातून फुटून वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतहुल्ला हा इमाद-उल-मुल्क. साखरखेर्ड्याला पडलेला मुबारिझ खान हाही इमाद-उल-मुल्क. आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर दिल्लीत वजीर झालेला गाजीउद्दीन, म्हणजे निजामाचाच नातू, तोही इमाद-उल-मुल्क. तिघांचाही संबंध या ना त्या रीतीने दख्खनशी येतो आणि पहिल्या दोघांचा तर थेट वऱ्हाडच्या मातीशी. 'इमाद-उल-मुल्क वऱ्हाडात मारला गेला' असे एकच वाक्य एखाद्या अनुवादात सुटे सापडले आणि त्याच्याजवळ सन नसेल, तर शेजारच्या नावांकडे पाहावे. औरंगाबाद, बाजीराव किंवा मुहम्मदशाह यांपैकी काही आसपास असेल तर तो मुबारिझ खान. अचलपूर, गाविलगड किंवा बहमनी सुलतानांची नावे असतील तर बोलणे इमादशाहीचे आहे, आणि औरंगाबाद हे नाव त्या काळात अजून अस्तित्वातच आलेले नव्हते.

मुलांच्या वहीत आम्ही शेवटी जो मजकूर लिहिला त्यात तीन गोष्टी होत्या: मूळ तिथी म्हणून '२३ मुहर्रम ११३७ हिजरी', तिच्याखाली 'आश्विन वद्य पक्ष, शके १६४६', आणि तिच्याखाली '११ ऑक्टोबर १७२४, नव्या पंचांगाने, जुन्याने ३० सप्टेंबर'. एक दिवसाच्या फरकाची ओळही घालावी असा माझा आग्रह होता. फलकावर तेवढी जागा नाही असे मुलांचे म्हणणे पडले, आणि ती ओळ गावाविषयीच्या पुस्तिकेसाठी राखून ठेवण्यात आली.